दुप्पट, पण किती वर्षांत?

पोस्टाच्या किसान विकास पत्राचा हिशेब खेडोपाडी पाठ असतो: ठेवलेली रक्कम ठरावीक महिन्यांनी दुप्पट. ही योजना १९८८ साली सुरू झाली तेव्हा पैसे साडेपाच वर्षांत दुप्पट होत. एप्रिल २०२३ मध्ये लागू झालेल्या दराने त्यालाच ११५ महिने, म्हणजे नऊ वर्षे सात महिने लागतात. दोन्ही वेळा दहा हजारांचे वीस हजारच होतात आणि दोन्ही वेळा वाढ शंभर टक्केच असते. तरीही पहिला सौदा वर्षाला सुमारे १३.४ टक्क्यांचा होता आणि दुसरा ७.५ टक्क्यांचा आहे.

यातला शंभर टक्के हा आकडा म्हणजे ॲब्सोल्यूट परतावा. घातलेल्या पैशांवर एकूण किती वाढ झाली एवढेच तो सांगतो, किती काळात झाली ते सांगत नाही. १३.४ आणि ७.५ हे आकडे म्हणजे सीएजीआर, अर्थात चक्रवाढ वार्षिक वृद्धिदर. दरवर्षी एकाच दराने व्याजावर व्याज चढत गेले असते, तर तेवढ्याच काळात तेवढीच रक्कम होण्यासाठी तो दर किती लागला असता, याचे हे उत्तर आहे.

म्युच्युअल फंडांच्या जाहिरातीत हे दोन्ही आकडे वेगवेगळ्या रूपांत भेटतात. दोन्ही खरे असतात आणि एकाच योजनेच्या एकाच कालावधीचे असतात. तरी एक वाचून माणूस हरखतो आणि दुसरा वाचून त्याला वाटते, यात काय विशेष? म्हणूनच ते एकमेकांशी कसे जोडलेले आहेत, आणि दोघेही मिळून काय सांगत नाहीत, ते पाहायला हवे.

जाहिरातीत काय छापलेले असते

एखादी योजना आपल्या मागील कामगिरीची जाहिरात करते तेव्हा कोणते आकडे द्यायचे, हे फंड कंपनीच्या मर्जीवर सोडलेले नाही. सेबीच्या नियमांनुसार मागील एक, तीन आणि पाच वर्षांचा आणि योजना सुरू झाल्यापासूनचा परतावा सीएजीआरच्या स्वरूपात द्यावा लागतो. शेजारीच त्या त्या काळात दहा हजार रुपयांचे किती झाले असते, तेही छापावे लागते. शिवाय योजनेचा मानदंड असलेल्या निर्देशांकाचे आणि निफ्टी किंवा सेन्सेक्ससारख्या एका सर्वपरिचित निर्देशांकाचे आकडेही त्याच तक्त्यात असतात.

त्या तक्त्यातला दहा हजारांचा रकाना म्हणजेच ॲब्सोल्यूट परतावा, फक्त टक्क्यांऐवजी रुपयांत मांडलेला. पाच वर्षांच्या ओळीत २०,००० लिहिले असेल तर ॲब्सोल्यूट परतावा शंभर टक्के, २७,००० असेल तर १७० टक्के. म्हणजे सेबीने दोन्ही आकडे शेजारी शेजारी ठेवायला लावले आहेत. अडचण अशी की तक्ता बारीक अक्षरात असतो आणि मोठ्या अक्षरात जे येते ते निवडलेले असते. बऱ्याच वर्षांची जुनी योजना असेल तर ‘दहा हजारांचे तीन लाख’ हे वाक्य मोठे होते, आणि गेली काही वर्षे बाजार तेजीत असेल तर सीएजीआर मोठा होतो.

काळ लांबला की ॲब्सोल्यूट आकडा किती फुगतो, हे पाहण्यासारखे आहे. वर्षाला बारा टक्के हा एकच दर घ्या. पाच वर्षांत तो ७६ टक्के ॲब्सोल्यूट परतावा देतो, दहा वर्षांत २११ टक्के, वीस वर्षांत ८६५ टक्के आणि तीस वर्षांत सुमारे २,९०० टक्के. ‘तीस वर्षांत तीस पट’ असे वाचले की ही योजना जगावेगळी वाटते, पण तीस वर्षांत तीस पट म्हणजे बरोबर बारा टक्के सीएजीआर. तो वाईट नाही. पण कौतुक करायचे तर बारा टक्क्यांचे करावे, तीस पटीचे नव्हे, कारण त्या पटीतला मोठा वाटा काळाचा आहे.

उलटी बाजूही तितकीच खरी आहे. लांब काळात सीएजीआरमधला एखाद्या टक्क्याचा फरक नगण्य दिसतो, पण रुपयांत तो मोठा असतो. दहा हजार रुपये पंचवीस वर्षे १५ टक्क्यांनी वाढले तर ३ लाख २९ हजार होतात, १६ टक्क्यांनी वाढले तर ४ लाख ९ हजार. टक्क्यांकडे पाहिले तर फरक एकाचा, पैशांकडे पाहिले तर ऐंशी हजारांचा, म्हणजे मुद्दलाच्या आठ पट. म्हणून दोन योजनांची तुलना करायची तर सीएजीआर पाहावा आणि आपल्या हाती काय पडेल ते रुपयांच्या रकान्यात पाहावे.

भागाकाराने हे उत्तर येत नाही

पाच वर्षांत पैसे दुप्पट झाले, म्हणजे वर्षाला वीस टक्के, असा हिशेब बहुतेक जण तोंडी करतात. तो चुकतो, कारण खरोखर दरवर्षी वीस टक्के वाढ झाली असती तर दुसऱ्या वर्षी ती दहा हजारांवर नव्हे, बारा हजारांवर झाली असती. असे पाच वर्षे चालले तर शेवटी वीस हजार नव्हे, २४,८८३ रुपये हाती येतात. पाच वर्षांत दुप्पट होण्यासाठी १४.८७ टक्के पुरतात.

भागाकाराने काढलेला दर नेहमी फुगलेला येतो, आणि काळ जितका लांब तितका अधिक फुगतो. काही ठेवींच्या जाहिरातींत याचा उपयोग केलेला दिसतो. पाच वर्षांच्या मुदत ठेवीवर सात टक्के व्याज असेल आणि ते दर तिमाहीला मुद्दलात मिळवले जात असेल, तर दहा हजारांचे १४,१४८ होतात. मिळालेल्या ४१.४८ टक्क्यांना पाचाने भागले की ‘वार्षिक उत्पन्न ८.३ टक्के’ असे लिहिता येते. सीएजीआरने पाहिले तर हा परतावा ७.१९ टक्क्यांचा आहे. कोणी हे ८.३ टक्के एखाद्या फंडाच्या ८.३ टक्के सीएजीआरशेजारी ठेवून ‘दोन्ही सारखेच’ म्हणू लागला तर तो फसला. तुलना करण्याआधी दोन्ही दर एकाच पद्धतीने काढलेले आहेत ना, हे बघावे लागते.

सीएजीआर काढायला संगणकावरच्या एक्सेलमध्ये एक ओळ पुरते. दहा हजारांचे पाच वर्षांत २७,३५५ झाले असतील तर ती अशी:

```
=(27355/10000)^(1/5)-1
```

उत्तर ०.२२३ येते, म्हणजे २२.३ टक्के. संगणक हाताशी नसेल तर छापलेला दर साध्या कॅल्क्युलेटरवर उलट बाजूने तपासता येतो. दहा हजारांना १.२२३ ने पाच वेळा गुणावे आणि शेवटी २७,३०० ते २७,४०० च्या आसपास आकडा येतो का ते पाहावे. घाईत अंदाज हवा असेल तर ७२ ला दराने भागावे, पैसे दुप्पट व्हायला साधारण किती वर्षे लागतील ते कळते. बारा टक्क्यांना सहा वर्षे, नऊ टक्क्यांना आठ.

कुठे सीएजीआर लावायचाच नाही

या सूत्रात फक्त तीन गोष्टी जातात: सुरुवातीची रक्कम, शेवटची रक्कम आणि मधला काळ. म्हणून ते एकरकमी गुंतवणुकीला आणि एक वर्षाहून अधिक काळाला शोभते. या दोन्हीच्या बाहेर नेले की ते भलतेच काही सांगू लागते.

काळ वर्षापेक्षा कमी असेल तेव्हा काय होते पाहा. एखाद्या इक्विटी योजनेने तीन महिन्यांत सहा टक्के वाढ दिली. हाच वेग वर्षभर टिकेल असे धरून चक्रवाढीने दर काढला तर तो २६ टक्क्यांवर जातो. तीन महिने प्रत्यक्ष घडले आहेत, उरलेले नऊ महिने कल्पनेतले आहेत. म्हणून वर्षाच्या आतल्या काळासाठी इक्विटी योजनांचा ॲब्सोल्यूट परतावा सांगणे हाच प्रामाणिक मार्ग. फंडांच्या माहितीपत्रकांत आणि गुंतवणुकीच्या ॲपवर ‘एक वर्षापर्यंत ॲब्सोल्यूट, त्यापुढे सीएजीआर’ अशी तळटीप असते ती त्यासाठीच. ती वाचली नाही तर सहा महिन्यांसमोरचे ९ आणि तीन वर्षांसमोरचे १३ हे आकडे एकाच जातीचे वाटतात. पहिला सहा महिन्यांतली एकूण वाढ आहे, दुसरा दर वर्षाचा वेग.

दुसरी जागा एसआयपीची. दरमहा दहा हजार रुपये पाच वर्षे भरणाऱ्या माणसाचे सहा लाख जातात. योजनेचा वेग वर्षाला सरळ बारा टक्के असेल तर त्याच्या हाती सुमारे ८ लाख ११ हजार येतात, म्हणजे ॲब्सोल्यूट परतावा ३५ टक्के. त्याच योजनेत पाच वर्षांपूर्वी एकरकमी पैसे घातलेल्या शेजाऱ्याचा परतावा ७६ टक्के दिसतो. एसआयपीवाल्याला वाटते आपल्यावर अन्याय झाला, पण दोघांनाही वर्षाला बाराच टक्के मिळाले आहेत. शेजाऱ्याची सगळी रक्कम पाच वर्षे बाजारात होती. याचा फक्त पहिला हप्ता पाच वर्षे होता आणि शेवटचा जेमतेम महिनाभर.

अशा वेळी ३५ टक्क्यांना सीएजीआरचे सूत्र लावले तर ६.२ टक्के असे उत्तर येते आणि चांगली योजनाही बँकेच्या ठेवीपेक्षा वाईट ठरते. साठ हप्त्यांच्या साठ तारखा धरून दर काढण्याची रीत वेगळी आहे. तिला एक्सआयआरआर म्हणतात आणि एक्सेलमध्ये ती `XIRR` या नावाने असते. जाहिरातीतला सीएजीआर एकरकमी दहा हजारांचा असतो, आपल्या एसआयपीचा नव्हे, एवढे लक्षात ठेवले तरी पुष्कळ गैरसमज टळतात.

सरळ रेषेत दडलेले चढउतार

आता खऱ्या आकड्यांकडे वळू. कोणा एका फंडाऐवजी निफ्टी ५० हा निर्देशांकच घेऊ, कारण त्याचे बंद भाव कोणालाही पडताळता येतात आणि बहुतेक इक्विटी योजनांची चाल त्याच्या आसपासच असते. खालचे आकडे त्या त्या वर्षी मार्चमधल्या शेवटच्या व्यवहाराच्या दिवसाचे आहेत. त्यांत लाभांश धरलेला नाही. फंडांना मात्र फेब्रुवारी २०१८ पासून लाभांश धरून काढलेल्या निर्देशांकाशी तुलना करावी लागते आणि तो आकडा थोडा वरचा असतो. आपल्या मुद्द्याला त्याने बाधा येत नाही.

३१ मार्च २०२० रोजी निफ्टी ८,५९७.७५ वर बंद झाला. पाच वर्षांनी, २८ मार्च २०२५ रोजी, तो २३,५१९.३५ वर होता. दहा हजारांचे २७,३५५ झाले. ॲब्सोल्यूट परतावा १७३.६ टक्के, सीएजीआर २२.३ टक्के. भागाकार करणाऱ्याने याला वर्षाला ३४.७ टक्के म्हटले असते.

पण २२.३ टक्के असे एकही वर्ष त्या पाचांत नव्हते.

| मार्चअखेर | वर्षातला प्रत्यक्ष बदल | दहा हजारांचे प्रत्यक्ष | दरवर्षी २२.३ टक्के धरून |
|---|---|---|---|
| २०२१ | +७०.९ टक्के | १७,०८७ | १२,२२९ |
| २०२२ | +१८.९ टक्के | २०,३१३ | १४,९५६ |
| २०२३ | −०.६ टक्के | २०,१९१ | १८,२९० |
| २०२४ | +२८.६ टक्के | २५,९६८ | २२,३६८ |
| २०२५ | +५.३ टक्के | २७,३५५ | २७,३५५ |

शेवटचा रकाना कल्पनेतला आहे आणि सीएजीआर म्हणजे तोच. दोन टोके जोडणारी एक गुळगुळीत रेघ. पहिल्याच वर्षी प्रत्यक्षात ७१ टक्के वाढ झाली आणि पाच वर्षांच्या कमाईचा मोठा भाग तिथेच गोळा झाला. जो माणूस एप्रिल २०२१ मध्ये बाजारात आला, त्याला हे वर्ष मिळालेच नाही. जाहिरातीतला पाच वर्षांचा दर वाचून ‘आपल्याला का मिळत नाही’ असे विचारणारे पुष्कळ जण याच गटातले असतात.

या पाच टक्केवाऱ्यांची साधी सरासरी काढली तर ती २४.६ येते, २२.३ नव्हे. वर्षावर्षांतले चढउतार जितके मोठे, तितकी साधी सरासरी सीएजीआरच्या वर जाते. याचे टोकाचे उदाहरण म्हणजे एका वर्षी पन्नास टक्के वाढ आणि पुढच्या वर्षी पन्नास टक्के घट. सरासरी शून्य, पण दहा हजारांचे आधी पंधरा हजार आणि मग साडेसात हजार होतात. म्हणून कोणी ‘सरासरी वार्षिक परतावा’ असे शब्द वापरले की तो सीएजीआर आहे की नुसती सरासरी, हे विचारावे. या बाबतीत सीएजीआर अधिक सचोटीचा, कारण शेवटी हाती आलेल्या रकमेशी तो जुळतो.

पहिल्या तारखेचा खेळ

सीएजीआर हाती आलेल्या रकमेशी जुळतो खरा, पण मोजणी कोणत्या दिवसापासून सुरू केली त्यावर तो फार अवलंबून असतो. ३१ मार्च २०२० हा दिवस आठवा. करोनाची टाळेबंदी लागून आठवडा झाला होता. फेब्रुवारीअखेर ११,२०१ वर असलेला निफ्टी एका महिन्यात २३ टक्के कोसळला होता. मार्च २०२५ च्या पाच वर्षांच्या मोजणीची सुरुवात याच खड्ड्यातून झाली.

त्याच खड्ड्याशी संपणारी पाच वर्षे घ्या. ३१ मार्च २०१५ रोजी निफ्टी ८,४९१ वर होता. तिथपासून ३१ मार्च २०२० पर्यंत दहा हजारांचे झाले १०,१२६. पाच वर्षांचा ॲब्सोल्यूट परतावा सव्वा टक्का, सीएजीआर पाव टक्का. बाजार तोच, कंपन्याही बहुतांशी त्याच, पण आधीची पाच वर्षे पाव टक्क्याची आणि नंतरची सव्वाबावीस टक्क्यांची. दोन्ही जोडून दहा वर्षे पाहिली तर सीएजीआर १०.७ टक्के येतो.

याहूनही विचार करायला लावणारी गोष्ट मार्च २०२४ आणि मार्च २०२५ यांच्या तुलनेत आहे. मार्च २०२४ मध्ये मागील पाच वर्षांचा सीएजीआर १३.९ टक्के होता. वर्षभराने तोच आकडा २२.३ झाला. मधल्या वर्षात बाजाराने काही मोठी झेप घेतली असेल असे कोणालाही वाटेल, पण त्या वर्षी निफ्टी वाढला होता फक्त ५.३ टक्के. मग साडेआठ टक्के कुठून आले? पाच वर्षांची खिडकी एक वर्षाने पुढे सरकली तेव्हा एप्रिल २०१९ ते मार्च २०२० हे वर्ष तिच्या बाहेर गेले. त्या वर्षी निफ्टी २६ टक्के पडला होता. नवीन वर्ष बेताचे होते, पण जुने वाईट वर्ष गळाले आणि तक्ता एकदम सुधारला. फंड व्यवस्थापकाने त्या वर्षात काही वेगळे केले नसले तरी त्याच्या जाहिरातीतला पाच वर्षांचा आकडा असाच उजळला असता.

इथे ॲब्सोल्यूट परताव्याचाही उपयोग होत नाही, कारण तोही त्याच दोन तारखांवर उभा आहे. १७३.६ टक्के आणि २२.३ टक्के ही एकाच मोजणीची दोन रूपे. खड्ड्यापासून मोजले तर दोन्ही मोठे, शिखरापासून मोजले तर दोन्ही छोटे. सीएजीआर काळाचा हिशेब धरतो, पण कोणता काळ निवडला यावर त्याचा इलाज नाही.

जाहिरातीतच एक छोटी खूण मात्र असते. एक, तीन, पाच वर्षे आणि सुरुवातीपासून, हे चार आकडे एकमेकांशेजारी वाचावेत. पाच वर्षांचा आकडा बाकीच्यांपेक्षा खूप वर असेल तर पाच वर्षांपूर्वी बाजार कुठे होता ते शोधावे. मग शेजारचा निर्देशांकाचा रकाना पाहावा. योजनेने २३ टक्के दिले आणि निर्देशांकाने २२, तर योजनेचे स्वतःचे कर्तृत्व एका टक्क्याचे आणि बाकी सगळे बाजाराचे.

खिडकी सरकवून पाहा

या खेळावर जाणकारांचा उपाय आहे रोलिंग परतावा. एकाच पाच वर्षांवर विसंबण्याऐवजी खिडकी पुढे सरकवत जायचे आणि प्रत्येक वेळी सीएजीआर काढायचा. प्रत्यक्षात हे रोजच्या भावांवर करतात, त्यामुळे शेकडो आकडे मिळतात. आपण फक्त मार्चअखेरचे सहा पाहू. पाच वर्षांची खिडकी २०२० मध्ये संपली तेव्हा निफ्टीचा सीएजीआर पाव टक्का होता. २०२१ मध्ये १३.७, २०२२ मध्ये पुन्हा १३.७, २०२३ मध्ये ११.४, २०२४ मध्ये १३.९ आणि २०२५ मध्ये २२.३.

सहापैकी चार आकडे ११ ते १४ च्या दरम्यान आहेत. एक टोक करोनाच्या खड्ड्यात संपले आणि दुसरे त्याच खड्ड्यातून निघाले. छापील जाहिरातीत यांतला एकच आकडा येतो, जो त्या महिन्यात लागू असेल तो. योजनेचा रोलिंग परतावा दाखवणारी संकेतस्थळे आहेत. तिथे सर्वांत मोठ्या आकड्याकडे न पाहता सर्वांत लहान किती होता आणि मधले बहुतेक कुठे होते, ते पाहावे. योजनेचे जुने निव्वळ मालमत्ता मूल्य म्युच्युअल फंडांच्या ॲम्फी या संघटनेच्या संकेतस्थळावर मिळते, त्यामुळे वर दिलेल्या एका ओळीच्या सूत्राने चारपाच खिडक्या घरीही काढता येतात.

जाहिरातीतला दर आपल्या वहीतल्या हिशेबात उतरवताना तर हे करायलाच हवे. समजा कोणी मुलीच्या शिक्षणासाठी दहा लाख रुपये दहा वर्षांसाठी ठेवत आहे. पाच वर्षांच्या तक्त्यातले २२ टक्के धरले तर कागदावर ७३ लाख दिसतात. बारा टक्के धरले तर ३१ लाख. महाविद्यालयाचे शुल्क पहिल्या आकड्यावर बेतले आणि बाजाराने दुसरा दिला, तर ४२ लाखांची तूट ऐन प्रवेशाच्या वेळी समोर येते. ३१ लाखही हमीचे नाहीत, पाव टक्क्याची पाच वर्षे आपण आत्ताच पाहिली. म्हणून नियोजनासाठी मधल्या खिडक्यांतला दर घ्यावा, आणि सर्वांत वाईट खिडकी वाट्याला आली तर गरजेच्या वर्षी पैसा कुठून उभा करायचा, हे गुंतवणूक करतानाच ठरवावे.